सावली कुठं पडलीय

आबांनी चित्र दोन्ही हातांत धरून लांब केलं, मान मागे घेतली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बाई, गड झ्याक निघालाय. पण ह्यो आमचा गड न्हाई."

शेजारी त्यांचा मुलगा उभा होता. वडिलांच्या पंचाहत्तरीला भेट म्हणून चित्र त्यानंच सांगितलं होतं आणि निम्मे पैसे आगाऊ दिले होते. तो ओशाळून म्हणाला, "अहो आबा, सिंहगडच आहे की. तो बघा टॉवर."

"टावर दिसतोय मला," म्हणत आबांनी चित्र टेबलावर ठेवलं.

धायरीत मी चित्रकलेचा रविवारचा वर्ग घेते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची मुलं येतात, त्यांत आबांची नातही आहे. आमचं घर चौथ्या मजल्यावर, वर गच्ची. गच्चीतून नैर्ऋत्येला सिंहगड दिसतो, सरळ रेषेत साधारण दहा किलोमीटरवर. धायरी २०१७ साली महापालिकेत गेली, त्याच्या आधीपासून मी हा गड काढत आलेय. पेन्सिलनं, जलरंगात, कधी वाण्याच्या बिलामागे. त्यामुळे 'आमचा गड न्हाई' हे लागलं. आकार चुकला असता तर मला कळलं असतं. आकार चुकला नव्हता.

"आमचा म्हणजे कसा हो आबा?" मी विचारलं.

त्यांनी थोडा वेळ घेतला. "ह्यो दिवस बुडताना दिसतोय. आम्ही गड सकाळचा बघायचो. बैलं सोडली, बांधावर आलं, की समोर गड. संध्याकाळी कोण गड बघतंय? संध्याकाळी मान खाली घालून घरला यायचं."

मुलाला सोनेरी रंग आवडला होता. हॉलच्या भिंतीला तो शोभलाही असता. पण आबांचं म्हणणं डोक्यात घोळत राहिलं, कारण ते नुसत्या आठवणीचं नव्हतं. त्यांनी चित्रातला उजेड वाचला होता. मी मात्र ते चित्र काढताना उजेड निवडलाच नव्हता. संध्याकाळी वर्ग सुटला, वर गेले, छान दिसत होतं, काढलं.

पुढच्या रविवारी आबा नातीला सोडायला आले आणि थांबले. मुलांना मी म्हटलं, आज नवं चित्र नको, हेच बघू. फळ्याला टेकून पंधरा बाय बावीस इंचांचा तो कागद ठेवला आणि विचारलं, "हे चित्र बघून कसं वाटतं?"

"छान." "शांत." "सॅड." 'सॅड' म्हणणारी आबांची नात. का, असं विचारल्यावर ती म्हणाली, कारण संध्याकाळ आहे. पण संध्याकाळ आहे हे तुला कशावरून कळलं? आकाश पिवळं आहे म्हणून. पिवळं तर सकाळीही असतं. इथं सगळे गप्प झाले. मलाही उत्तर बांधायला जरा वेळ लागला, कारण चित्राचा भाव मुलांना सांगताना आपण फार लवकर 'उष्ण रंग, शीत रंग' यांवर जातो. पिवळा-तांबडा म्हणजे आनंद आणि निळा म्हणजे उदासी, असं पाठांतर असतं. माझ्या चित्रात पिवळा भरपूर होता आणि तरी ते उदास होतं.

मी मुलांना मोबाइल बंद करायला सांगितले, नुसते लॉक नव्हे, पडदा पूर्ण काळा. मग सगळ्यांना गच्चीत नेलं आणि गडाकडे पाठ करून उभं केलं. काळा पडदा आरशासारखा धरायचा आणि त्यात मागचं दृश्य बघायचं. रंग दबतात, बारीकसारीक तपशील जातो आणि उरतात ते फक्त उजळ-गडद पट्टे. अठराव्या शतकात युरोपात निसर्ग बघायला निघणारी हौशी मंडळी यासाठी खिशात काळसर काचेचा, किंचित फुगीर आरसा ठेवत. क्लोद लोरँ या चित्रकाराच्या नावानं तो ओळखला जाई. आमचं काम बंद मोबाइलवर भागतं. (मोबाइलनं फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करतात तसं करू नये. कॅमेरा आकाश सांभाळायला जमीन काळी करून टाकतो, आणि त्याच्या रुंद लेन्समध्ये गड नखाएवढा होतो.)

खाली आल्यावर तोच काळा पडदा चित्रासमोर धरला. कोऱ्या कागदाचा पांढरा म्हणजे एक आणि आपल्याकडचा सगळ्यांत गडद रंग म्हणजे पाच, असे टोनचे आकडे मुलं द्यायला लागली. गडाच्या उजवीकडचं आकाश एक, डावीकडचं दोन. गड तीन. अलीकडची टेकडी चार. सगळ्यांत पुढची जमीन, झाडं, इमारतींच्या कडा पाच. फळ्यावर हे पाच आकडे एकाखाली एक लिहिले आणि मुलांपेक्षा आधी मलाच ते दिसलं. उजेड सगळा तिकडे, दहा किलोमीटरवर, आणि एकेक पायरी उतरत आपल्यापर्यंत येईस्तोवर काळोख. चित्र बघणारा माणूस पाचावर उभा होता. पायाखाली काय आहे हे त्याला दिसत नव्हतं, डोळा लांब जाईल तिथं उजेड, पण तिथं पोचता येणार नाही. पिवळा रंग होता, पण आपल्या वाट्याला नव्हता.

"म्हंजे आपण अंधारात," आबा म्हणाले.

निसर्गचित्राच्या भावाबद्दल मी इतकी वर्षं जे काही सांगत आले, त्यातला निम्मा भाग या एका वाक्यात आला. चित्र बघणाऱ्याला उजेडात उभं केलंय की अंधारात, हे आधी बघायचं. रंग त्याच्या नंतर.

असं का झालं, याचं कारण भूगोलात आहे. धायरीतून गड नैर्ऋत्येला, थोडा दक्षिणेकडे झुकलेला. डिसेंबरात सूर्यही नैर्ऋत्येच्या अंगानंच मावळतो. म्हणजे संध्याकाळी पाच वाजता मी गडाकडे तोंड करून बसते तेव्हा सूर्य गडाच्या थोडा उजवीकडे, समोरच असतो. उजेड समोरून आला की डोंगराची आपल्याकडची बाजू सावलीत जाते. तिच्यातले ओढे, कडे, कातळाच्या पायऱ्या सगळं एक होऊन कापून चिकटवल्यासारखा आकार उरतो. सावल्या आपल्या दिशेनं येतात. झाडाची सावली, खांबाची सावली, सगळ्यांची टोकं बघणाऱ्याच्या पायाशी. हे सगळं मी इमानानं काढलं होतं. गड अल्ट्रामरीन आणि अ‍ॅलिझरिन क्रिमसनच्या जांभळ्यात, एकाच हातात भरलेला. पुढची जमीन अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या घट्ट राखाडीत. त्या राखाडीवर एका बाभळीची सावली खाली, कागदाच्या कडेपर्यंत आलेली. ही सावली लक्षात ठेवा, पुढे तिनं मला छळलं.

आबांची दुसरी तक्रार उंचीबद्दल होती. "गड येवढुसा न्हवता."

यावर माझ्याकडे पुरावा होता. हात सरळ लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिल उभी धरायची. तिचं टोक गडमाथ्याला आणि अंगठा पायथ्याला लावायचा. आमच्या गच्चीतून हे माप जेमतेम चार सेंटिमीटर भरतं. गड समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर आणि धायरीच्या जमिनीपेक्षा सातशेएक मीटर उंच. पण दहा किलोमीटरवरून सातशे मीटर म्हणजे डोळ्याला चारच अंश. मुलांना न मोजता काढायला सांगितलं तर बहुतेकजण याच्या दुप्पट काढतात. शिवाय मधोमध काढतात आणि सवयीनं दोन डोंगरांमध्ये सूर्य उगवायला लावतात. ती झोपडी, ते नारळाचं झाड आणि वळणं घेत येणारी नदी कोणत्या गावची आहे हे मला आजवर कळलेलं नाही. धायरीत नारळ समुद्राच्या आठवणीनं कुणी लावला असेल तर असेल.

आबांनी पेन्सिल धरून बघितली, चार सेंटिमीटर मान्य केले, आणि तरी म्हणाले, "खालून मोठा दिसायचा."

इथं मी त्यांना समजावायला गेले आणि माझाच धडा झाला. दहा किलोमीटर लांबची वस्तू चार मजले वर चढून लहान होत नाही. बांधावर उभं राहून मोजलं तरी चार सेंटिमीटरच येणार. मग मोठा का दिसायचा? उत्तर क्षितिजरेषेत होतं. यथार्थदर्शनाचा पहिला नियम मुलांना तोंडपाठ असतो, की क्षितिजरेषा म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याची पातळी. त्याचा अर्थ मात्र फारसा कुणी खोलात नेत नाही. डोळ्याच्या उंचीच्या सगळ्या वस्तू, जवळ असोत की लांब, बरोबर त्या रेषेवर येतात. मी गच्चीत उभी, म्हणजे माझा डोळा जमिनीपासून साधारण पंधरा मीटरवर. पंधरा मीटरचं झाड मला क्षितिजाला टेकलेलं दिसतं, त्याहून बुटकं सगळं क्षितिजाखाली. बैठी घरं, पत्रे, पाण्याच्या टाक्या, रस्ते, सगळी जमीन चटईसारखी पसरलेली, आणि तिच्या पलीकडे लांब कुठे तरी गड. मध्ये अंतर दिसतं, म्हणून गड लांबचा आणि लहान वाटतो.

बांधावरच्या पोराचा डोळा चार फुटांवर. त्याला जमीन दिसते ती बोटभर पट्टीएवढी, तीही तिरकी. ज्वारीची ताटं त्याच्या क्षितिजाच्या वर, बांधावरची बाभळ त्याहून वर, आणि गडाचा पायथा या सगळ्यांच्या मागे झाकलेला. मधलं दहा किलोमीटरचं अंतर मिटून जातं. ताटांच्या शेंड्यावरून एकदम गडाचा कडा वर येतो. तेच चार सेंटिमीटर, पण ते जोखायला शेजारी ज्वारी आहे. होकुसाईच्या त्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रात फुजी पर्वत लाटेच्या कवेत चिमुकला दिसतो. तिथं पर्वत मुद्दाम लहान केलाय, तर आबांच्या बांधावर तो आपोआप मोठा झालाय. दोन्हीकडे कर्तबगारी पर्वताची नाही, त्याच्या पुढे काय आहे त्याची.

मी आबांना म्हटलं, नवं चित्र काढते. मुलगा म्हणाला, जुन्याचे पैसे देतो. मी म्हटलं, बघू.

डिसेंबरच्या एका सकाळी सात वाजता आबा आणि मी निघालो. धारेश्वराच्या टेकडीच्या अंगाला अजून थोडी मोकळी जागा सापडते, जिथं खाली बसलं की इमारती डाव्या-उजव्या कडेला जातात आणि समोर उघडं राहतं. मी छोटं स्टूल नेलं होतं, पण आबांनी ते लांब ढकललं. "खाली बसा. आम्ही उभं होतो ते पोर होतो." म्हणून मी गवतावर बसले आणि माझा डोळा एका लहान पोराच्या उंचीला आला. हे मला सुचायला हवं होतं.

सात वाजता गड नव्हताच. थंडीच्या दिवसांत रात्रभर जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते आणि तिच्यात धूर-धूळ अडकते. सूर्य नुकताच उगवत होता, खाली सगळं दुधाळ राखाडी, आणि त्या राखाडीच्या वर एक फिकी रेघ, तोच गडमाथा. पायथा नाहीसा. लांबचे डोंगर काढताना नवख्याचा हात नेमका उलटा जातो. तो पायथा गडद करतो, कारण त्याला वाटतं डोंगर जमिनीवर 'बसायला' हवा. प्रत्यक्षात दाट हवा खाली असते, म्हणून पायथा फिका आणि माथा त्यामानानं स्पष्ट. सकाळच्या डोंगराला तरंगू द्यायचं असतं.

सव्वाआठच्या सुमारास जे झालं त्यासाठी आम्ही बसलो होतो. सूर्य आमच्या डाव्या हाताला, हातभर वर आला. आपण गडाकडे तोंड करून आहोत, उजेड बरोबर काटकोनात डावीकडून. गडाची आपल्याकडची बाजू ईशान्येला आहे, त्यामुळे डिसेंबरात तिच्यावर उजेड सरळ पडत नाही, घासून जातो. आणि घासून जाणाऱ्या उजेडात डोंगराचं अंग उठतं. प्रत्येक सोंडेची डावी बाजू उजळली, उजवीकडे निळी सावली पडली, ओढे दिसायला लागले. माथ्याखालचा कातळाचा पट्टा सुकलेल्या भाकरीच्या रंगाचा झाला. एप्रिलमध्ये याच वेळी सूर्य बराच उत्तरेकडे सरकलेला असतो, उजेड आपल्या डाव्या खांद्यामागून येतो आणि डोंगर सपाट होतो. म्हणजे आबांचा गड नुसता सकाळचा नव्हता, तो सुगीच्या आधीचा, हिवाळ्यातला होता. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "ज्वारी हुबी असायची की."

चांगला उजेड पाऊण तास टिकला. नऊनंतर सावल्या आखडल्या आणि डोंगर पुन्हा चपटा व्हायला लागला. त्या पाऊण तासात मी चित्र काढलं नाही, तीन पोस्टकार्डाएवढी टिपणं काढली. एक नुसतं टोनचं, पेन्सिलीचं. दुसरं रंगाचं, आकाराकडे दुर्लक्ष करून. तिसऱ्यावर सावल्यांचे बाण. कोल्हापूरचे आबालाल रहिमान, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, कोटितीर्थाच्या काठी राहून तोच परिसर वेगवेगळ्या प्रहरी रंगवत राहिले. १९३१ साली ते गेले. त्यांचा विचार आला की मला पाऊण तासाची तक्रार करायला लाज वाटते.

रंगाच्या टिपणाबद्दल जरा सांगते, कारण मुलांची गाडी इथंच घसरते. लांबचा डोंगर निळा, हे सगळ्यांना माहीत असतं. मग ते ट्यूबमधला निळा काढून पाण्यात पातळ करून लावतात आणि डोंगर प्लास्टिकच्या बादलीसारखा दिसतो. डोंगर निळा नसतो. मधली हवा सूर्यप्रकाशातला निळा भाग जास्त विखुरते आणि तो आपल्या नजरेच्या वाटेत येऊन मिसळतो, त्यामुळे डोंगरातल्या गडद जागा निळसर दिसतात. उजळ जागांचं मात्र असं होत नाही. लांबचा उजळ कातळ उलट किंचित उबदार होतो, कारण त्याच्याकडून येणाऱ्या उजेडातला निळा वाटेत थोडा कमी झालेला असतो. म्हणून लांबच्या डोंगरातही ऊन आणि सावली यांचे रंग वेगळे ठेवायचे. कातळाला यलो ऑकरमध्ये थोडा रोज मॅडर आणि भरपूर पाणी, सावलीला कोबाल्टमध्ये बर्न्ट सिएनाचा कण. दोन्हींचा टोन दोन आणि तीनच्या मध्ये, त्याहून खाली उतरायचं नाही. डोंगर कितीही महत्त्वाचा असला तरी.

आणि पुण्याच्या हिवाळ्यातली सकाळची हवा निळीही नसते. ती धुळीची, राखाडी, किंचित मातकट असते. पायथ्याशी मी निळ्याऐवजी तीच राखाडी ओलसर कागदावर सोडली. पावसाळ्यात मोठी सर येऊन गेल्यावर हा सगळा हिशेब कोलमडतो. हवा धुऊन निघते, गड हाताला लागेल इतका जवळ येतो, गडद हिरवा आणि धारदार. त्या दिवशी लांबचं फिकं हा नियम धरून बसलात तर चित्र खोटं पडतं. तसा गड मी एकदाच रंगवला आणि बघणाऱ्यांनी विचारलं, हा कुठला डोंगर, पर्वती का?

घरी येऊन तेवढ्याच मोठ्या कागदावर, तीनशे ग्रॅमच्या, दुसरं चित्र मांडलं. क्षितिज खालून पाचव्या भागात, इतकं खाली की जमिनीला जागाच कमी. तिच्यावर ज्वारीचे शेंडे आणि बांध. गड मधोमध नको होता. उजेड डावीकडून येतोय, तर डावीकडे त्याला यायला मोकळी जागा हवी, म्हणून गड उजवीकडे सरकवला. बांधाची रेघ डाव्या कोपऱ्यातून निघून गडाखाली विरते. इमारती घेतल्या नाहीत. अकरा मजल्यांच्या इमारती आज त्या दृश्यात आहेत, आणि माझ्या स्वतःच्या चित्रांतून मी त्या काढून टाकत नाही, पण हे चित्र आबांच्या डोळ्याचं होतं. गडावरचा दूरदर्शनचा मनोराही गेला. मुंबईचं दूरदर्शन केंद्रच १९७२चं, आणि आबा बैलं सोडत होते ते त्याच्या बऱ्याच आधी. मुलाची ओळखीची खूण मात्र त्यामुळे गेली, ते त्याला आवडणार नव्हतं.

मग टोनची वाटणी पहिल्याच्या उलट. आकाश सगळीकडे दोन, त्यात फार गंमत नाही. गड दोन-तीन. आणि सगळ्यांत मोठी उडी, एक ते पाच, एकदम पुढे ठेवली, बांधावरच्या दहिवरानं पांढुरक्या झालेल्या गवताला लागून ज्वारीच्या बुडाचा काळोख. आता बघणारा उभा राहतो ती जागा चित्रातली सगळ्यांत जिवंत जागा झाली. ऊन त्याच्या डाव्या गालावर. गड त्याला समोर दिसतो, बोलावत नाही, नुसता असतो. पहिल्या चित्रापेक्षा यात पिवळा रंग निम्मासुद्धा नसेल. तरी रविवारी मुलांसमोर दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तेव्हा कुणी दुसऱ्याला सॅड म्हणालं नाही. नात म्हणाली, "यात थंडी वाजतेय, पण छान थंडी."

एका मुलानं विचारलं, "ताई, मग गडद पुढे असलं की सॅड आणि उजळ पुढे असलं की हॅपी?" मी त्याला अडवलं, कारण हा नियम वहीत गेला की पुन्हा निघत नाही. भर दुपारी बारा वाजता पुढे सगळं लख्ख उजळ असतं आणि त्यासारखं ओसाड काही नसतं. गडद सावलीत, वडाखाली बसून बाहेरचं ऊन बघणारा माणूस मजेत असू शकतो. प्रश्न असा विचारायचा, की या चित्रात मी कुठं आहे, उजेड कुठून येतोय, आणि तो माझ्यापर्यंत पोचतोय का. तिन्हींचं उत्तर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. 'प्रसन्न वाटतं' म्हणून सोडून द्यायचं नाही.

आबा आले. चित्र पुन्हा हातभर लांब धरलं. यावेळी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उजव्या हाताचं बोट कागदाच्या खालच्या भागाकडे, न टेकवता, नेलं.

"बाई, सकाळ हाय ना ही?"

"हो."

"मग ह्या बाभळीची सावली अशी कुठं पडलीय?"

मी बघितलं आणि पोटात गोळा आला. बांधावरची बाभळ मी पहिल्या चित्रातून जशीच्या तशी उचलली होती, कारण ती चांगली जमली होती. तिच्याबरोबर तिची सावलीही आली होती, खाली कागदाच्या कडेपर्यंत, बघणाऱ्याच्या पायाशी. उजेड डावीकडून आणि बाकीच्या सगळ्या सावल्या उजवीकडे आडव्या. ही एकटी समोरून आलेल्या उजेडाची, संध्याकाळची. सावल्यांच्या बाणांचं टिपण माझ्यासमोर भिंतीला चिकटवलेलं होतं. वर्गात दोन रविवार मुलांना उजेड वाचायला शिकवत होते, आणि एका चित्रात दोन सूर्य घेऊन बसले होते. मुलांपैकी कुणाला दिसलं नव्हतं, आबांच्या मुलालाही नाही.

जलरंगात हे खोडता येत नाही. ओल्या ब्रशनं चोळून, टिपकागदानं उचलून रंग थोडा निघतो, पण अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा तो थर कागदात मुरला होता. अर्धा तास खटपट करून सावली पाचावरून तीनवर आली, तिच्या कडा विरल्या, एक फिकट निळसर पट्टा उरला. खरी सावली उजवीकडे नव्यानं टाकली. त्या उरलेल्या पट्ट्याचं काय करायचं ते कळेना. शेवटी त्याच्या डाव्या कडेला बारीक मातीचा काठ काढला, मधोमध चाकूच्या टोकानं खरवडून कागदाचा पांढरा वर आणला, आणि तो विहिरीवरून शेतात जाणारा पाण्याचा पाट झाला. आकाशाचा थोडा रंग त्यात सोडला.

आबा शेजारी खुर्चीवर बसून हे सगळं बघत होते. झाल्यावर उठून जवळ आले.

"पाट हितनं न्हवता," ते म्हणाले. "त्यो पल्याड, हिरीच्या अंगाला." मग जरा थांबून, "पर असू द्या. पाणी बरं दिसतंय."

मुलानं दोन्ही चित्रं नेली. सोनेरी त्यानं हॉलमध्ये लावलं आहे. दुसरं आबांच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याकडच्या भिंतीवर आहे, असं नात सांगते.